मोठं झालेलं जास्वंदीचं झुडूप जागेवरून हलवताना: मुळांचा गड्डा, पाणी आणि सावली

कंपाउंडची भिंत सरकवायची असते, गाडीला जागा करायची असते, नाहीतर शेजारच्या आंब्याची सावली इतकी वाढलेली असते की जास्वंदीला कळ्याच धरत नाहीत. मग पाच-सहा वर्षांचं झुडूप उपटून दुसरीकडे लावायचं ठरतं. दोन माणसं कुदळ-पहार घेऊन तासाभरात काम उरकतात, झाड नव्या खड्ड्यात जातं, वरून दोन बादल्या पाणी पडतं. तिसऱ्या दिवशी पानं लोंबतात, आठवड्यात पिवळी होऊन गळतात आणि महिन्याभरात काटक्या उरतात. याला पुनर्लागवडीचा धक्का म्हणतात. तो पूर्ण टाळता येत नाही, पण झाड त्यातून वाचेल इतपत कमी नक्की करता येतो.

इथे उदाहरण घेतलंय साध्या लाल जास्वंदीचं. उंची पाच फूट, घेर चार फूट, जमिनीलगत खोडाची जाडी दीड इंच, जागा पुण्यासारख्या पठारी शहरातल्या बंगल्याचं आवार. तगर, कुंदा, अनंत, मोगरा यांनाही हीच पद्धत चालते. बोगनवेलीला मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नका. तिची मुळं ठिसूळ असतात आणि माती धरून ठेवत नाहीत, त्यामुळे कितीही जपलं तरी गड्डा सुटण्याची शक्यता मोठी. कढीपत्त्याचं जुनं झाडही हलवण्यापेक्षा त्याची फुटव्याची रोपं काढून लावलेली बरी.

धक्का नेमका कशाचा बसतो

जाड, तपकिरी मुळं झाडाला धरून ठेवतात आणि अन्न साठवतात. पाणी ओढायचं काम मुख्यतः टोकाकडची दोऱ्यासारखी बारीक पांढरी मुळं करतात, आणि ही मुळं खोडापाशी नसतात. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथवर, बऱ्याचदा त्याच्याही पलीकडे ती पसरलेली असतात. चार फूट घेराच्या झुडपाभोवती आपण दीड फुटाचा गोल खणतो, तेव्हा पाणी पिणारी बहुतेक मुळं जुन्या जागीच राहतात. वर पानं मात्र सगळीच्या सगळी असतात आणि ती नेहमीसारखीच पाणी बाहेर टाकत राहतात. खर्च तोच आणि आवक एकदम थोडी, असा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट अनुभवी माणसांच्याही लक्षातून निसटते. नव्या खड्ड्यात बसवलेला गड्डा पहिले काही आठवडे जमिनीत पुरलेल्या कुंडीसारखा वागतो. तुटलेल्या टोकांना नवीन मुळं फुटून ती भोवतालच्या मातीत शिरेपर्यंत झाडाला फक्त गड्ड्यातलंच पाणी मिळतं. शेजारची माती चिखल झालेली असली तरी त्याला त्याचा फारसा उपयोग नसतो. पुढचे गड्डा, पाणी आणि सावलीचे सगळे हिशेब या एका गोष्टीवरून निघतात.

वेळ

पठारावर आणि कोकणातही सगळ्यात सुरक्षित वेळ म्हणजे पाऊस स्थिरावल्यानंतरचा जुलै. आभाळ ढगाळ असतं, हवेत दमटपणा असतो, त्यामुळे पानांतून पाणी कमी उडतं. जमीन उबदार असल्याने मुळंही लवकर फुटतात. शिवाय ऑक्टोबरचा उन्हाळा सुरू व्हायच्या आत झाडाला सव्वादोन-अडीच महिने मिळतात. सप्टेंबरअखेर हलवलेलं झुडूप नेमकं त्या उन्हात सापडतं. एप्रिल-मे तर शक्यतो नकोच. बांधकामामुळे अगदीच नाइलाज असेल तर गड्डा मोठा घ्यायचा, काम संध्याकाळी करायचं आणि सावली दुप्पट दिवस ठेवायची.

आधीची मुळांची छाटणी

सहा आठवडे हाताशी असतील तर झाड वाचण्याची शक्यता यामुळे खूपच वाढते. जूनच्या पहिल्या आठवड्यात, माती कोरडी असेल तर आदल्या दिवशी भरपूर पाणी देऊन ठेवा. खोड मध्ये धरून १५ इंच व्यासाचा गोल आखा. सुतळीचं एक टोक खोडाला सैल बांधून साडेसात इंचावर खिळा धरला की गोल नीट येतो. या गोलाचे चार भाग करा आणि समोरासमोरच्या दोन भागांत फावड्याच्या रुंदीइतका चर खणून फूटभर खोल जा. आडवी आलेली मुळं सिकेटरने स्वच्छ कापा. कुदळीच्या घावाने चिरडलेलं टोक कुजतं, स्वच्छ कापलेल्या टोकाला बारीक मुळांचा झुपका फुटतो. चरात तीच माती थोड्या जुन्या शेणखतात किंवा गांडूळखतात मिसळून परत सैलसर भरा. उरलेले दोन भाग दोन-अडीच आठवड्यांनी कापा.

चारही बाजू एकदम कापू नयेत. तसं केलं तर जो धक्का टाळायचा तोच जूनमध्ये बसतो.

या कामामुळे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गड्ड्याच्या कडेलाच नवीन बारीक मुळं तयार होतात आणि ती झाडाबरोबर नव्या जागी जातात. म्हणूनच प्रत्यक्ष काढताना गोल १५ इंचांचा न घेता १८ इंचांचा घ्यायचा. जुन्याच रेषेवर फावडं घातलं तर सहा आठवड्यांची कमाई तिथेच कापली जाईल.

गड्डा केवढा घ्यायचा

ढोबळ नियम असा की गड्ड्याचा व्यास खोडाच्या जमिनीलगतच्या जाडीच्या दहा ते बारा पट असावा. आपल्या झुडपाचं खोड दीड इंच, म्हणजे १५ ते १८ इंच. आपण १८ घेऊ. बुडापासूनच चार-पाच फांद्या फुटलेल्या झुडपाला हा नियम नीट लागू होत नाही. तिथे उंची पाहायची: तीन-चार फुटांच्या झुडपाला १४ ते १६ इंच, पाच फुटांच्या झुडपाला १८ इंच. खोली व्यासाच्या साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे इथे १२ इंच. त्याहून खोल जाऊन वजन वाढतं, मुळं फारशी वाढत नाहीत, कारण झुडपाची बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात.

मोठा गड्डा केव्हाही चांगला, असं म्हणणाऱ्याने तो एकदा उचलून पाहावा. १८ इंच व्यासाचा, १२ इंच खोल आणि खाली निमुळता गड्डा ३५ ते ४० लिटरचा भरतो आणि ओल्या मातीसकट त्याचं वजन ६० किलोच्या आसपास जातं. दोन माणसांना हे जमतं. दोन फुटांचा गड्डा दोघांच्या हातून सुटतो, आणि फुटलेल्या दोन फुटांच्या गड्ड्यापेक्षा अखंड राहिलेला दीड फुटांचा कितीतरी बरा.

मातीकडेही पाहावं लागतं. काळी माती कोरडी असेल तर ढेकळं होऊन सुटते आणि चिंब असेल तर फावड्याला चिकटून गड्डा विस्कटतो. मोठ्या पावसानंतर दोन दिवस थांबा आणि मूठभर माती दाबून पाहा. लाडूसारखी वळली आणि हाताला लिबलिबीत चिखल लागला नाही, की खणायला योग्य. मुरमाड किंवा कोकणातली तांबडी माती मुळांना धरून राहत नाही. तिथे गड्डा दोन-तीन इंच मोठा घ्यायचा आणि जमिनीत असतानाच गोणपाट गुंडाळायचं.

काढणं आणि बसवणं

नवा खड्डा आधी खणून ठेवा. झाड उघड्यावर ठेवून खड्डा खणत बसणं हे मुळं सुकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. खड्डा गड्ड्याच्या दुप्पट रुंद, म्हणजे तीन फुटांचा, आणि खोली गड्ड्याइतकी किंवा इंचभर कमी ठेवा. जास्त खोल खणून खाली सैल माती भरली की ती बसते, झाड खाली जातं आणि खोडाचा बुंधा मातीत गाडला जातो. काळ्या मातीत फावड्याने खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात आणि मुळं त्यांना धडकून गोल फिरतात. त्या भिंती खुरप्याने ओरबाडून खडबडीत करा.

काढायच्या आदल्या दिवशी झाडाला दोन बादल्या पाणी द्या, पाऊस झाला असेल तर गरज नाही. फांद्या सुतळीने अलगद वर बांधून घ्या. १८ इंचांच्या गोलाबाहेर सरळ उभा चर खणत १२ इंच खोल गेलात की फावडं तिरपं करून खालून आत शिरायला लागा. खालची एक-दोन जाड मुळं हमखास अडवतात. ती करवतीने किंवा सिकेटरने कापा. पहारीने झाड उचकटू नका, कारण मुळं ताणून तुटतात आणि त्यांच्याबरोबर मातीही निघून येते.

गड्डा खालून सुटला की तो एका बाजूला कलवा, गुंडाळलेलं गोणपाट खाली सारा, उलट बाजूला कलवून ते ओढून घ्या आणि चारही टोकं वर आणून खोडाभोवती बांधा. उचलताना हात गोणपाटाखाली पाहिजेत. खोड धरून उचललं तर साठ किलोंचा भार मुळांवर लटकतो आणि गड्डा आतून चिरतो. ते बाहेरून दिसत नाही, आठवड्याने पानांवरून कळतं.

खड्ड्यात ठेवल्यावर खोडाची जुनी मातीची खूण जमिनीच्या पातळीला किंवा बोटभर वर आली पाहिजे. तागाचं गोणपाट असेल तर बांध सोडून कापड निम्म्यापर्यंत खाली करा. खालचं कुजून जातं. नायलॉनचं किंवा सिमेंटचं पोतं असेल तर ते पूर्ण बाहेर काढल्याशिवाय माती भरू नका. ते कुजत नाही, मुळं आतच अडकतात.

भरायला खणलेलीच माती वापरा. फार तर चौथा हिस्सा जुनं खत मिसळा. निम्मं खत आणि कोकोपीट घालून खड्डा भुसभुशीत करण्याची हौस काळ्या मातीत महागात पडते. भोवतालची घट्ट जमीन पाणी सोडत नाही, भुसभुशीत खड्डा ते धरून ठेवतो आणि जुलैच्या पावसात मुळं पाण्यात बसतात. निम्मी माती भरून झाली की एक बादली पाणी ओता, ते जिरलं की उरलेली भरा. पायाने तुडवू नका. पोकळ्या पाण्यानेच भरतात.

पाणी: गड्ड्याला आधी

आळं एकच न करता दोन करा. एक गड्ड्याच्या काठाइतकं, १८ इंचांचं, आणि दुसरं बाहेर अडीच-तीन फुटांचं. कड तीन-चार इंच उंच. लावल्याबरोबर आतल्या आळ्यात ८ लिटर आणि बाहेरच्यात १० लिटर पाणी द्या, मग पाऊस चालू असला तरी. पहिलं पाणी तहानेसाठी असतंच, पण मुळं आणि माती यांच्यामधली हवा काढण्यासाठीही ते लागतं.

नंतरचा हिशेब गड्ड्यावरून करा. ३५-४० लिटरच्या गड्ड्यात झाडाला वापरता येईल असं पाणी ढोबळ मानाने पाच-सहा लिटरच मावतं. पाऊस नसलेल्या दिवसांत पहिला आठवडा रोज आतल्या आळ्यात ५ लिटर, पुढचे दोन-तीन आठवडे एक दिवसाआड ६ लिटर, बाहेरच्या आळ्यात आठवड्यातून दोनदा १० लिटर. पाणी एकदम ओतलं तर गड्ड्यावरून घसरून सैल मातीत उतरतं. पाइपची बारीक धार दहा-पंधरा मिनिटं सोडा. धार केवढी हवी हे आधी बादलीत मोजून घ्या: दहा मिनिटांत पाच लिटर भरलं पाहिजे.

पण हे आकडे मातीवर अवलंबून आहेत, त्यामुळे रोज काडीने तपासणं जास्त भरवशाचं. बांबूची बारीक काडी खोडापासून चार-पाच इंचांवर गड्ड्यात सहा इंच खोल घाला, दहा मिनिटांनी काढा. ओलसर, माती चिकटलेली निघाली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडी निघाली तर द्या. तशीच दुसरी काडी गड्ड्याबाहेर घाला. बाहेर चिखल आणि आत कोरडं, असं बऱ्याचदा आढळेल. तेव्हा बाहेरचं पाणी बंद करून फक्त आत द्यायचं.

पावसाची झड लागली की उलटी काळजी घ्यावी लागते. दोन्ही आळी उताराच्या बाजूला फोडून पाणी वाहू द्या. आळ्यात चोवीस तासांनंतरही पाणी साचलेलं दिसलं, तर त्या बाजूला चर काढून ते बाहेर न्या.

मातीवर दोन इंच वाळका पालापाचोळा पसरा, पण खोडाभोवती चार इंच जागा मोकळी ठेवा. दमट पाला बुंध्याला टेकला की साल कुजते, आणि वाळवीलाही चढायला वाट मिळते.

सावली

हिरवी ५० टक्क्यांची शेडनेट पुरते. झाडाच्या चार बाजूंना बांबू रोवून ती शेंड्यापासून किमान फूटभर वर ताणा. थेट फांद्यांवर टाकलेली नेट वाऱ्याने घासून कोवळी पानं फाडते, आणि हवाही कोंडते. प्लॅस्टिकचा कागद तर अजिबात गुंडाळू नका. ढग सरून ऊन पडलं की आत भट्टी होते.

सूर्य कुठून येतो ते पाहून नेट बांधायची. पुण्याच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे जुलैत मुख्य सावली वरून हवी आणि पश्चिमेला नेटचा एक पडदा खाली सोडलेला. ऑक्टोबरात तो दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून तेव्हा पडदा दक्षिण-पश्चिमेला हवा.

चार आठवडे नेट राहू द्या. पाचव्या आठवड्यात सकाळी दहापर्यंत ती गुंडाळून ठेवा, सहाव्या आठवड्यात दुपारी बारापर्यंत, आणि नंतर ढगाळ दिवस बघून काढून टाका. सावलीत आलेली कोवळी पानं एकदम कडक उन्हात आली की कडा तपकिरी होऊन करपतात. ते बघून लोकांना पाणी कमी पडल्यासारखं वाटतं आणि ते पाणी वाढवतात, जे तेव्हा नको असतं.

छाटणी आणि खत

वरच्या फांद्या अर्ध्याने छाटाव्यात, असा जुना सल्ला आहे. तो सरसकट पाळू नये. पानं पाणी खर्च करतात हे खरं, पण नवीन मुळं फुटायला लागणारं अन्नही तीच बनवतात. गड्डा अखंड निघाला असेल तर वाळक्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि अगदी कोवळ्या फांद्या काढा. चौथा हिस्सा गेला तरी पुरे. गड्डा फुटून माती सुटली असेल तर मात्र निम्मं झुडूप निःसंकोच छाटा, उघडी मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून लगेच लावा आणि सावली सहा-आठ आठवडे ठेवा. जास्वंद अशी छाटणी सोसते. कळ्या आणि फुलं दोन्ही प्रसंगी दोन महिने खुडत राहा.

छाटलेल्या फांद्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, सहा-आठ इंचांच्या काड्या वरची दोन पानं ठेवून ओलसर मातीत खोचा. जुलैच्या दमट हवेत जास्वंदीच्या काडीला महिना-दीड महिन्यात मुळं फुटतात. मूळ झाड दगावलंच तर तेच वाण हाताशी राहतं.

युरिया, डीएपी किंवा कुठलंही रासायनिक खत पहिले दोन महिने नको. खताच्या क्षारांनी जखमी मुळांना पाणी ओढणं आणखी कठीण होतं.

काय चाललंय ते कसं ओळखायचं

दुपारी पानं मलूल आणि संध्याकाळी पुन्हा ताठ, असं पहिले दहा-बारा दिवस झालं तर काही करू नका. सकाळी सातलाही पानं लोंबलेली असतील तर काडी घाला. गड्डा कोरडा असेल तर पाणी कमी पडतंय. गड्डा चिंब असून पानं लोंबत असतील आणि मातीला आंबूस वास येत असेल, तर मुळं कुजायला लागली आहेत. तेव्हा पाणी थांबवा, पाला बाजूला करा आणि निचऱ्याचा चर खोल करा. या दोन्हींत पानं सारखीच दिसतात, म्हणून फक्त पानं बघून पाणी देणं धोक्याचं.

खालची जुनी पानं पिवळी होऊन गळणं अपेक्षितच आहे. टोकं वाळत खाली येत असतील तर नखाने साल खरवडा: आत हिरवं असेल तिथवर फांदी जिवंत. तपकिरी असेल तर खाली खरवडत जा आणि हिरवं सुरू होतं तिथे कापा. सगळ्या फांद्या तपकिरी असल्या तरी बुंधा हिरवा असेल तर महिनाभर वाट पाहा.

ताण पडलेल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण लगेच बसतो. शेंड्यांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं की आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा.

तीन ते पाच आठवड्यांत नवीन पालवी फुटते आणि सगळे निर्धास्त होतात. ही पालवी बरेचदा फांद्यांत साठलेल्या अन्नावर आलेली असते. तिच्यावरून मुळं बाहेरच्या मातीत शिरली असं धरता येत नाही. ते पाहायला खोड बुंध्याशी धरून अलगद हलवा. गड्डा मातीत वेगळा हलत असेल, त्याच्या कडेने भेग उघडत असेल, तर झाड अजून गड्ड्यातल्या पाण्यावरच आहे आणि आतल्या आळ्याचं पाणी चालू ठेवायचं. खोडाबरोबर भोवतालची माती एकसंध राहिली की आतलं आळं मोडा, बाहेरचं आळं साडेतीन-चार फुटांवर न्या आणि आठवड्यातून दोनदा १५ लिटर पाणी द्या. कडेच्या मातीत बोट घालून पाहिलं तर पांढरी मुळं हाताला लागतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ही हलवून बघायची परीक्षा पुन्हा घ्या. गड्डा तेव्हाही हलत असेल तर नेट दक्षिण-पश्चिमेला परत लावा आणि थंडी सुरू होईपर्यंत काडीची तपासणी सोडू नका. घट्ट बसला असेल तर कळ्या खुडणं थांबवायला हरकत नाही, आणि झाडामागे दोन घमेली जुनं शेणखत बाहेरच्या आळ्यात, खोडापासून फूटभर लांब, मातीत मिसळा.